रापलेला हात आणि दंडाची आतली बाजू

उन्हातान्हात राबणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याला आपण ‘रापलेला’ म्हणतो. सुट्टीत गावाला जाऊन आलेल्या मुलीला ‘किती काळवंडलीस ग!’ म्हणतात. गोरा, सावळा, निमगोरा, गहूवर्णी हे शब्द मात्र आपण वेगळ्या ठिकाणी वापरतो. नीट पाहिले तर रापणे आणि काळवंडणे ही क्रियापदे आहेत, आणि गोरा, सावळा ही विशेषणे. पहिल्या प्रकारात काहीतरी घडते, दुसऱ्या प्रकारात काहीतरी असते. बोलीभाषेने सहज केलेला हा भेद शास्त्रज्ञांना नेमका पकडता यायला फार काळ लागला. मधल्या काळात या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे माणसांच्या जातीबद्दल, वंशाबद्दल बरेच काही लिहिले गेले. त्यातले काही चांगल्या हेतूने लिहिलेले होते, काही वाईट हेतूने, आणि बहुतेक सगळे चुकीचे.

त्वचाशास्त्रात आज या दोन रंगांना दोन नावे आहेत. ऊन, औषधे, संप्रेरकांतले बदल यांचा परिणाम होण्याआधी, केवळ आनुवंशिकतेने ज्याची पातळी ठरते तो कॉन्स्टिट्यूटिव्ह रंग. आपण त्याला उपजत रंग म्हणू या. त्या पातळीच्या वर, मुख्यतः उन्हामुळे चढतो आणि ऊन थांबले की हळूहळू उतरतो तो फॅकल्टेटिव्ह रंग. त्याला आपला घरचाच शब्द पुरेसा आहे, रापलेला रंग. दोन्ही रंग एकाच द्रव्यामुळे येतात, ते म्हणजे मेलॅनिन. गल्लत होते ती म्हणूनच.

ही गल्लत फार जुनी आहे. आफ्रिकेतल्या काळ्या लोकांसाठी प्राचीन ग्रीकांचा शब्द होता ‘ऐथिओप्स’, म्हणजे जळक्या तोंडाचे. सूर्याचा मुलगा फेथॉन बापाचा रथ हाकायला गेला, घोडे आवरेनात, रथ पृथ्वीच्या फार जवळ आला आणि तिथले लोक होरपळून काळे झाले, अशी कथाही त्यांच्याकडे होती. कथा सोडून दिली तरी त्यामागचे अनुमान तसे वेडगळ नाही. उन्हात गेले की माणूस काळवंडतो, हे प्रत्येकाने स्वतःच्या हातावर पाहिलेले असते. विषुववृत्ताकडे ऊन जास्त आणि माणसे काळी, हेही प्रवाशांना दिसत होते. तेव्हा काळा रंग म्हणजे पिढ्यान् पिढ्यांचे साठलेले रापणे, असे वाटणे स्वाभाविक होते. अडचण एवढीच की या अनुमानात एक पायरी गाळलेली आहे. बापाच्या पाठीवर पडलेले ऊन पोटातल्या मुलापर्यंत पोहोचते कसे?

ही गाळलेली पायरी ज्यांच्या नजरेत भरली त्यांतले एक रॉबर्ट बॉइल. वायूंचा दाब आणि आकारमान यांच्या नियमामुळे शाळेतली मुले त्यांना ओळखतात. त्यांनी १६६४ साली रंगांवर एक पुस्तक प्रसिद्ध केले, आणि त्यात माणसाच्या काळ्या रंगाचीही चर्चा केली. त्यांचे आक्षेप साधे आहेत. एकाच अक्षांशावर राहणारे सगळे लोक सारखे काळे नसतात. थंड देशात आणलेली आफ्रिकी माणसे तिथे राहून गोरी होत नाहीत, आणि तिथे जन्मलेली त्यांची मुलेही काळीच असतात. म्हणजे केवळ उन्हाची उष्णता हे कारण पुरत नाही. काळेपणा त्वचेच्या अगदी वरच्या, पातळ भागातच असतो, खाली मांस सगळ्यांचे सारखे, हेही त्यांनी नोंदवले. पुढच्याच वर्षी बोलोन्याच्या मार्चेल्लो माल्पिगी यांनी हा रंग सर्वांत वरच्या निर्जीव पापुद्र्याखालच्या थरात असतो असे दाखवले.

म्हणजे १६६५पर्यंत रंगाचे ठिकाण ठाऊक झाले होते आणि ऊन-सिद्धांतातले भोकही दिसले होते. तरी पुढची दीडशे वर्षे हा सिद्धांत टिकला. अठराव्या शतकातले फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यांनी तर एक प्रयोगच सुचवला. सेनेगलमधली काही माणसे डेन्मार्कला नेऊन ठेवावीत, त्यांचा गोऱ्यांशी संकर होऊ देऊ नये, आणि किती पिढ्यांत ती गोरी होतात ते पाहावे! प्रयोग झाला नाही हे बरेच झाले. अमेरिकेत सॅम्युएल स्टॅनहोप स्मिथ या विद्वान धर्मोपदेशकांनी १७८७ साली असे मांडले की काळा रंग म्हणजे अंगभर पसरलेला एकच मोठा तीळ समजावा. उन्हाने चेहऱ्यावर बारीक तपकिरी ठिपके उठतात ना, त्यांचेच हे सर्वांगीण रूप. स्मिथ यांचा हेतू चांगला होता. सर्व माणसे एकाच मूळची आहेत, रंग हा केवळ हवामानाचा परिणाम आहे, हे त्यांना सिद्ध करायचे होते. त्यांचे विरोधक म्हणत की रंग बदलत नाही, म्हणून काळी माणसे मुळातच वेगळ्या जातीची. आम्हाला यात गंमत, किंवा खरे तर खेद, याचा वाटतो की दोन्ही बाजूंनी माणुसकीचा प्रश्न रंग उतरतो की नाही या एकाच खुंटीला टांगला होता.

आणि मग १७९६ साली फिलाडेल्फियात हेन्री मॉस नावाचा माणूस आला. तो स्वतंत्र कृष्णवर्णीय होता, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात सैनिक म्हणून लढलेला. काही वर्षांपूर्वी त्याच्या त्वचेवर पांढरे डाग दिसू लागले होते. ते वाढत वाढत अंगाचा मोठा भाग पांढरा झाला होता. लोक पैसे देऊन त्याला पाहायला येत. स्मिथ यांना वाटले, हाच पुरावा! थंड प्रदेशात काळा माणूस गोरा होऊ लागला. त्या काळचे नामांकित डॉक्टर बेंजामिन रश यांनी वेगळाच निष्कर्ष काढला. काळेपणा हाच मुळी महारोगातून आलेला विकार असावा आणि मॉसमध्ये तो आपोआप बरा होत असावा, असे त्यांनी १७९७ साली अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात सुचवले.

मॉसच्या वर्णनावरून त्याला काय झाले होते हे आज वाचणाऱ्याला चटकन कळते. त्याला कोड होते. कोडात रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशीच नाहीशा होतात. तो उपजत रंगाचा बदल नव्हे आणि रापण्याचा उतारही नव्हे. रापलेला रंग उतरला तर तो उपजत पातळीवर येऊन थांबतो, त्याच्या खाली जात नाही. तो अंगभर मऊपणे उतरतो, त्याला कोडासारख्या ठळक कडा नसतात. कपड्याची रेघ असली तर तेवढीच काय ती कड. काळ्या त्वचेत खडूसारखा पांढरा डाग दिसला, तर रंगद्रव्याची यंत्रणाच तिथे बंद पडली आहे असे समजावे. मॉसच्या वेळी ही यंत्रणा कोणालाच माहीत नव्हती.

ऊन नेमके काय करते, या प्रश्नाला पहिला उपयोगी धक्का दिला तो इंग्लंडमधले शल्यवैद्य एव्हरार्ड होम यांनी. (हे गृहस्थ इतिहासात फारसे चांगल्या कारणासाठी ओळखले जात नाहीत. आपले मेहुणे जॉन हंटर यांची हस्तलिखिते त्यांनी जाळून टाकली.) होम यांना एक कोडे पडले होते. काळी वस्तू जास्त उष्णता शोषते हे ठाऊक आहे. मग जिथे ऊन जास्त तिथेच माणसे काळी, हे उलटे नाही का? त्यांनी स्वतःच्या हातांवर प्रयोग केले. एक हात उन्हात उघडा ठेवला, दुसऱ्यावर काळे कापड घातले, आणि थर्मामीटरने तापमान पाहिले. कापडाखालचा हात जास्त तापला, पण भाजला नाही. उघडा हात कमी तापला, पण लाल होऊन त्यावर फोड आले. १८२१ साली त्यांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले की काळा थर उन्हाच्या दाहक परिणामापासून संरक्षण करतो, आणि हा दाह केवळ उष्णतेचा नाही. योहान रिटर यांनी अतिनील किरण १८०१ सालीच शोधले होते, पण या दोन गोष्टी एकत्र जोडल्या जायला बराच वेळ गेला. स्वीडनचे योहान विडमार्क यांनी १८८९ साली विजेच्या कार्बन-दिव्याने दाखवले की त्वचा लाल करणारे किरण अतिनील असतात.

यानंतरचा प्रयोग आमच्या मते या विषयातला सर्वांत सुबक. तो केला नील्स फिन्सेन यांनी, १८९०च्या दशकात, कोपनहेगनमध्ये. फिन्सेन यांचा जन्म फॅरो बेटांवरचा. जिथे वर्षातून बराच काळ ऊन दुर्मिळ, अशा प्रदेशात वाढलेल्या माणसाला प्रकाशाचे वेड लागावे यात नवल नाही. पुढे प्रकाशाने क्षयाच्या त्वचारोगावर उपचार केल्याबद्दल त्यांना १९०३चे नोबेल पारितोषिक मिळाले.

फिन्सेन यांनी आपल्या हाताला, मनगट आणि कोपर यांच्या मध्ये, काळ्या शाईचा सुमारे पाच सेंटिमीटर रुंदीचा पट्टा चहूबाजूंनी रंगवला. मग तो हात सुमारे तीन तास कडक उन्हात धरला. शाई धुऊन काढल्यावर खालची कातडी पूर्वीसारखीच होती. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंची कातडी लाल झाली. काही तासांत ती सुजली, दुखू लागली. पट्ट्याची कड अगदी रेघ मारल्यासारखी होती. काही दिवसांनी लाली ओसरली आणि तिच्या जागी तपकिरी रंग आला. मधला पट्टा मात्र गोरा राहिला.

इथपर्यंतचा भाग घड्याळ घालणाऱ्या कोणालाही माहीत असतो. फिन्सेन यांचे वेगळेपण पुढच्या पायरीत आहे. त्यांनी तोच हात पुन्हा उन्हात धरला, या वेळी शाई न लावता. आता नेमके उलटे झाले. आधी गोरा राहिलेला पट्टा लालबुंद झाला, आणि आजूबाजूची तपकिरी कातडी लाल न होता किंचित अधिक गडद झाली एवढेच. शाईने पहिल्या वेळी जे काम केले तेच दुसऱ्या वेळी त्वचेच्या स्वतःच्या रंगाने केले. म्हणजे रापणे हा भाजल्याचा नुसता डाग नव्हे, तो पुढच्या उन्हासाठी केलेला आडोसा आहे.

या प्रयोगात आणखी एक गोष्ट होती, जिच्यावर त्या काळी फारसा भर दिला गेला नाही. फिन्सेन यांच्या एकाच हातावर आता दोन्ही रंग शेजारी शेजारी होते. मधला पट्टा म्हणजे उपजत रंग, बाजूचा भाग म्हणजे उपजत अधिक रापलेला. माणसांची तुलना करायची तर पट्ट्याशी पट्टा ताडायला हवा. जहाजावरच्या खलाशाच्या चेहऱ्याशी कचेरीतल्या कारकुनाचा चेहरा ताडून वंशाबद्दल काही कळत नाही.

त्या काळी रंग मोजणे मात्र डोळ्यांवर चालले होते. बर्लिनचे फेलिक्स फॉन लुशान यांनी रंगीत काचेच्या ३६ चकत्यांची एक पेटी तयार केली होती. चकती कातडीशेजारी धरायची, जिच्याशी जास्त जुळेल तिचा क्रमांक लिहायचा. मानववंशशास्त्रज्ञांनी ही पेटी जगभर हिंडवली. पण काच चमकते, कातडी चमकत नाही. सकाळच्या आणि दुपारच्या उजेडात वेगळा क्रमांक येतो. दोन निरीक्षकांचे एकमत होत नाही, आणि एकाच निरीक्षकाचे आज आणि उद्या होत नाही.

यातून सुटका केली परावर्तनमापकाने. १९५१ साली इंग्लंडमधले जोसेफ वायनर यांनी त्वचेचा रंग मोजण्यासाठी सहज नेता येईल असे एक यंत्र वर्णिले. तत्त्व सोपे आहे. त्वचेवर एका ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश टाकायचा आणि त्यातला किती टक्के परत येतो ते पाहायचे. पांढऱ्या प्रमाणित पृष्ठाचे परावर्तन शंभर धरायचे. तरंगलांबीची निवड महत्त्वाची. हिरव्या प्रकाशात रक्तातले हीमोग्लोबिनही पुष्कळ प्रकाश शोषते, त्यामुळे लाजून लाल झालेला माणूस यंत्राला सावळा वाटेल. गडद लाल प्रकाशात, ६८५ नॅनोमीटरच्या आसपास, हीमोग्लोबिन फारसे आड येत नाही आणि उरलेला फरक बहुतांशी मेलॅनिनचा असतो.

दुसरी निवड जागेची. दंडाची आतली बाजू, काखेच्या खाली, ही जागा ठरली. कपड्याने आणि हाताच्या ठेवणीने ती झाकलेली राहते, आणि मोजण्यासाठी सदरा काढावा लागत नाही. तिथे येतो तो आकडा उपजत रंगाच्या जवळचा. कपाळावर घेतलेला आकडा उपजत आणि रापलेल्याची बेरीज. दोहोंतला फरक म्हणजे रापणे.

एक उदाहरण करून पाहू. आकडे आम्ही समजुतीसाठी घेतले आहेत, कोणाच्या मोजणीतले नाहीत. दोन सख्खे भाऊ, एक शेती करतो, दुसरा बँकेत आहे. शेतकरी भावाचे कपाळ ३० दाखवते, बँकेतल्या भावाचे ३९. नुसत्या कपाळावरून कोणी म्हणेल, धाकटा आईवर गेला, थोरला बापावर. आता दंड पाहू. थोरल्याचा ४२, धाकट्याचा ४३. म्हणजे उपजत रंग जवळजवळ एकच. थोरल्याने १२ अंशांचे रापणे कमावले आहे, धाकट्याने ४ अंशांचे. तिसरा एक परदेशी पाहुणा, दंड ६६, गोव्याच्या किनाऱ्यावर महिनाभर भाजून घेतलेले कपाळ ५४. तोही १२ अंशच रापला, थोरल्या भावाइतकाच, आणि तरी त्याचे रापलेले कपाळ आपल्या बँकवाल्याच्या झाकलेल्या दंडापेक्षा उजळ आहे. यापुढे तो कितीही दिवस उन्हात पडला तरी थोरल्या भावाच्या कपाळापर्यंत पोहोचेल असे नाही. कातडी सोलवटून निघेल, ते वेगळे.

जगभरच्या प्रत्यक्ष मोजण्यांत दंडाचे आकडे वायव्य युरोपात सरासरी ६५ ते ६७ आणि आफ्रिकेच्या काही भागांत २०च्या आसपास येतात. नीना जॅब्लॉन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन यांनी २००० साली अशा आकड्यांची उपग्रहाने मोजलेल्या अतिनील किरणांशी सांगड घातली, तेव्हा दोन्हींत निकटचा संबंध दिसला. म्हणजे ऊन आणि उपजत रंग यांचा संबंध आहे, ग्रीकांचा अंदाज सर्वस्वी खोटा नव्हता. पण तो संबंध रापण्यातून आलेला नाही. हजारो वर्षांच्या नैसर्गिक निवडीतून, कोणाची संतती टिकली यातून, तो आला आहे.

दंडाचा आकडाही निर्दोष नसतो, हे सांगायला हवे. यंत्र जोरात दाबले तर रक्त बाजूला सरकते आणि आकडा वर जातो. बिनबाह्यांचे कपडे घालणाऱ्या समाजात दंडाची आतली बाजू पूर्ण झाकलेली नसते. तान्ह्या मुलांचा रंग पुढे येणाऱ्या रंगापेक्षा उजळ असतो, म्हणून अर्भकांचे आकडे मोठ्यांशी ताडता येत नाहीत. आणि झाकलेल्या जागीही एकाच समाजातल्या बायका पुरुषांपेक्षा सरासरीने किंचित उजळ निघतात. तेवढा फरक उन्हावर ढकलता येत नाही.

या दोन रंगांना त्यांची आजची नावे रुळली ती १९७०च्या दशकात. केवेडो, फिट्झपॅट्रिक, पाठक आणि जिंबो यांचा माणसाच्या रंगातील विविधता आणि प्रकाश यांवरचा १९७५चा लेख त्यात महत्त्वाचा. त्यातले मधू पाठक हे मूळचे भारतीय, हार्वर्डमध्ये त्वचा आणि प्रकाश या विषयावर काम करणारे. तोपर्यंत सूक्ष्मदर्शकाने बरीच भर घातली होती. मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशी त्वचेच्या बाह्यथराच्या तळाशी असतात. मोजल्यावर कळले की या पेशींची संख्या काळ्या आणि गोऱ्या माणसांत जवळजवळ सारखीच असते. ती शरीराच्या भागाप्रमाणे बदलते, पण माणसाच्या रंगाप्रमाणे नाही. मग फरक कशात? या पेशी मेलॅनिन छोट्या कणांत भरतात आणि शेजारच्या पेशींना वाटतात. पाठक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली दाखवले की काळ्या त्वचेत हे कण मोठे आणि सुटे सुटे पसरलेले असतात, गोऱ्या त्वचेत लहान आणि पुंजक्यांनी बांधलेले. गिरणीत कामगार तेवढेच, पण मालाचा आकार आणि वाटणी वेगळी. उपजत रंग म्हणजे ही वाटणी.

रापणे मात्र दोन टप्प्यांत होते. उन्हात गेल्यावर काही मिनिटांतच जो काळसरपणा येतो तो नवा माल नव्हे. आधीच असलेल्या मेलॅनिनचे लांब तरंगलांबीच्या अतिनील किरणांमुळे ऑक्सिडीकरण होते आणि ते गडद दिसते. तो बराचसा काही तासांत उतरतो आणि संरक्षण जवळजवळ काहीच देत नाही. खरे रापणे दोन-तीन दिवसांनी दिसू लागते. तेव्हा पेशी नवे मेलॅनिन करतात, अधिक कण वाटतात, आणि स्वतःही काहीशा वाढतात. फिन्सेन यांना काही दिवस थांबावे लागले ते यामुळे. त्वचेचा वरचा थर झडत झडत नवा येतो तसे हे कणही झडून जातात, म्हणून रापलेला रंग आठवड्यांत उतरतो.

हा दुसरा टप्पा सुरू कसा होतो हे अलीकडे, २००७ साली, नीट उलगडले. अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशींतील डीएनए बिघडतो. त्या बिघाडाची दखल घेणारे पी-५३ नावाचे प्रथिन एक संप्रेरक तयार करण्याची आज्ञा देते, ते संप्रेरक रंगपेशींच्या पृष्ठावरच्या ग्राहकाला जाऊन चिकटते, आणि पेशी कामाला लागतात. म्हणजे रापण्याची घंटा वाजते तीच मुळी नुकसान झाल्यावर. ‘निरोगी टॅन’ ही पाश्चात्त्य जाहिरातींतली कल्पना या एका शोधापुढे टिकत नाही. आडोसाही बेताचाच मिळतो. १९७९च्या एका मोजणीत काळ्या माणसांच्या बाह्यत्वचेचे संरक्षण सुमारे १३ पट भरले, तर गोऱ्यांच्या बाह्यत्वचेचे ३ पटीच्या थोडे वर. गोऱ्या कातडीवर चढवलेले रापणे हे अंतर भरून काढू शकत नाही.

त्या ग्राहकामुळे एक गैरसमज दूर होतो. उपजत रंग आनुवंशिक, म्हणून रापणे आनुवंशिक नाही, असे मांडणे सोपे आहे पण पुरते खरे नाही. १९९५ साली दिसून आले की तांबड्या केसांच्या, दुधाळ गोऱ्या माणसांत या ग्राहकाच्या जनुकात बदल असतात. त्यांच्यात घंटा वाजते पण कोणी ऐकत नाही. ती माणसे भाजतात, रापत नाहीत. तेव्हा रापण्याची क्षमता वारशाने मिळते. प्रत्यक्ष किती रापले ते मिळत नाही. शेतकऱ्याचे बाळ शेतकऱ्याच्या कपाळासारखे नव्हे, त्याच्या दंडासारखे होऊ शकते. त्यातही आईचा वाटा असतोच.

उपजत रंग ठरवणारी जनुके अनेक आहेत. त्यांपैकी एक सापडले ते एका फिकट रंगाच्या झेब्रामाशाच्या अभ्यासातून, २००५ साली. त्याचे नाव एसएलसी-२४-ए-५. युरोपातल्या जवळजवळ सर्वांत त्याचे उजळ रंग देणारे रूप असते. भारतीय लोकांवर २०१३ साली झालेल्या अभ्यासात तेच रूप आपल्याकडेही सापडले, कुठे जास्त, कुठे कमी. एकाच घरात एक भावंड गोरे आणि एक सावळे का, याचे एक कारण इथे आहे. अशा कितीतरी जनुकांची वेगवेगळी रूपे आईबापांकडून प्रत्येक मुलात नव्याने वाटली जातात.

आता गोरे करणाऱ्या मलमांबद्दल. उन्हापासून अडवणारे मलम खरोखर काम करत असेल तर ते फार तर रापणे उतरू देईल, म्हणजे कपाळाला दंडाच्या पातळीवर आणील. त्याच्यापुढे जाऊन दंडालाही उजळ करण्याचे आश्वासन कोणी देत असेल तर दोनच शक्यता. एक तर ते खोटे आहे, नाहीतर मलमात रंगपेशींना दडपणारे काही आहे. पारा असलेली आणि तीव्र स्टेरॉइड असलेली मलमे या कामासाठी विकली गेली आहेत. स्टेरॉइडने कातडी पातळ होते, चेहऱ्यावर पुटकुळ्या आणि लाल शिरा दिसू लागतात, आणि मलम थांबवले की त्रास उसळतो. अशी चिन्हे असलेली विद्यार्थिनी वर्गात दिसली तर ‘काय लावतेस?’ हा प्रश्न एकांतात विचारावा, आणि तिला त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावे.

वर्गात हा विषय घ्यायचा तर प्रयोग करता येतो, पण एक पथ्य पाळून. मुलांचे रंग एकमेकांशी ताडू नयेत. तसे केले की पाच मिनिटांत कोणाला तरी टोपणनाव पडते. प्रत्येकाने स्वतःचाच दंड स्वतःच्याच हाताच्या पाठीशी ताडावा. रंगाच्या दुकानात मिळते तसे तपकिरी छटांचे कार्ड, किंवा मुलांनीच जलरंगाने केलेली दहा छटांची पट्टी चालेल. ती प्रत्येक वेळी एकाच खिडकीत, एकाच वेळी धरावी. मनगटावर दोन बोटे रुंद कापडी पट्टी दोन आठवडे ठेवून, उघडा हात आणि झाकलेला भाग यांच्या छटा दर दोन दिवसांनी लिहाव्यात. ऊन लागल्या दिवशीच जो फरक दिसेल तो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर दिसेल तो, हे दोन टप्पे वेगळे करता येतात का ते पाहावे. मार्चमध्ये सुरू केलेल्या नोंदी जूनमध्ये शाळा उघडल्यावर आणि पुन्हा ऑगस्टमध्ये, ढगाळ दिवस बरेच गेल्यावर, चालू ठेवल्या तर रंग चढतानाचा आणि उतरतानाचा वेग सारखा नसतो हे आलेखावर दिसेल. दंडाची रेघ त्या आलेखावर जवळजवळ आडवी राहायला हवी. ती हलली, तर खिडकी, वेळ किंवा पट्टी यांपैकी काय बदलले ते शोधावे.